इंटिग्रेटेड ग्राफिक्स आणि ग्राफिक्स कार्ड (व्हिडिओ एडिटिंग व हलके गेमिंग)

प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेला आणि संगणकाची रॅम वाटून घेणारा चित्रप्रक्रिया विभाग म्हणजे इंटिग्रेटेड ग्राफिक्स. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर वेगळे बसते आणि त्याची मेमरी स्वतःची असते. कार्ड जास्त ताकदवान, हे बहुतेक वेळा खरे आहे. पण लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या बाबतीत एका ठिकाणी हा हिशेब उलटतो, आणि कोल्हापुरात संगणक जुळवून घेताना नेमके तेच ठिकाण नजरेतून सुटते.

एडिटिंगमध्ये दोन वेगळी कामे असतात. कॅमेऱ्याने दाबून साठवलेली फाइल उलगडणे, म्हणजे डीकोड, हे पहिले. उलगडलेल्या चित्रावर रंग, इफेक्ट, स्टॅबिलायझेशन चढवणे हे दुसरे. दुसऱ्या कामात कार्ड निर्विवाद पुढे असते. पहिल्यासाठी मात्र चिपमध्ये ठरावीक फॉरमॅटपुरते सर्किट असते. फॉरमॅट त्यात नसेल तर कार्ड कितीही महागाचे असो, सगळे ओझे प्रोसेसरवर येते.

राजारामपुरीतल्या एखाद्या स्टुडिओचे उदाहरण घेऊ. कॅमेरा सोनी ए७ फोर, फाइल XAVC HS 4K, म्हणजे एचईव्हीसी फॉरमॅटची, रंगाची नोंद १० बिट ४:२:२. या नोंदीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते आणि रंगाची त्याच्या निम्मी. साध्या ४:२:० मध्ये रंगाची माहिती पाव असते. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल नंतर ओढून-ताणून जुळवायचा असतो, म्हणून व्हिडिओग्राफर ४:२:२ निवडतात. मशीनमध्ये कोअर आय५-१२४००एफ आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड. नावातल्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ या प्रोसेसरमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स नाही. थोडे पैसे वाचतात, म्हणून कोटेशनमध्ये बहुधा तोच लिहिलेला असतो.

प्रीमिअर प्रोमध्ये अक्षतांचा प्रसंग टाइमलाइनवर टाकला की चित्र अडखळते. मुंडावळ्या एका जागी थिजतात आणि मंगलाष्टके पुढे निघून जातात. “कार्ड नवं हाय की राव, मग हँग का मारतंय?” हा प्रश्न इथेच येतो. उत्तर Task Manager मध्ये दिसते. Performance खाली CPU शंभराच्या आसपास आणि GPU मधला Video Decode शून्यावर असेल, तर फाइल प्रोसेसर एकटाच उलगडतो आहे. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकांच्या कार्डांत ४:२:२ उलगडणारे सर्किटच नाही. एनव्हिडियाने ते २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत दिले. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत मात्र एचईव्हीसी ४:२:२ साठी ते ११व्या पिढीपासून आहे. म्हणजे ‘एफ’ नसलेल्या १२४०० मधले साधे यूएचडी ७३० या एका कामात ३०६० ला मागे टाकते.

यावर तोडगा दोघांना एकत्र चालवण्याचा आहे. कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड इंटिग्रेटेड ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून बायॉसमध्ये iGPU Multi-Monitor किंवा Internal Graphics अशा नावाचा पर्याय Enabled करावा लागतो. मग इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचा, प्रीमिअरच्या Preferences > Media मध्ये हार्डवेअर डीकोडिंगखाली Intel वर खूण करायची आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. ‘एफ’ प्रोसेसर आधीच गळ्यात पडला असेल, तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवाव्यात किंवा कॅमेऱ्यात ४:२:० १० बिट निवडावे, कारण ते ३०६० सहज उलगडते. सोनीचा जुना XAVC S मात्र एच.२६४ वर चालतो. त्यातले १० बिट ४:२:२ हे यूएचडी ७३० देखील उलगडत नाही, तिथे प्रॉक्सीच.

गेमिंगमध्ये असा उलटफेर नाही. तिथे अडते ते मेमरीच्या वेगावर. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन चॅनेलमध्ये दोन पट्ट्या लावल्या तर ५१.२, ३०६० ची स्वतःची मेमरी ३६० पुरवते. म्हणून रायझेन ५ ५६००जी सारख्या, त्यातल्या त्यात दमदार इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर व्हॅलोरंट चालवायचे असेल, तर १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन लावाव्यात. (हाच ५६००जी ४:२:२ मात्र उलगडत नाही, त्यामुळे लग्नाच्या कामाला तो कच्चा.) नवे, जड गेम खेळायचे असतील तर कार्डाला पर्याय नाही.

कार्ड असूनही गेम रखडत असेल, तर आधी मशीनच्या मागे वाकून बघावे. मॉनिटरची केबल कार्डाच्या आडव्या पट्टीऐवजी वर, यूएसबीशेजारच्या मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खोचलेली असते, हे मशीन हलवल्यानंतर हमखास घडते.