कथेवरून पटकथा : मनातले पडद्यावर आणणे

कथेवरून पटकथा लिहिणे म्हणजे छापील कथेत पात्राच्या मनात चाललेले विचार पडद्यावर दिसतील अशा कृतीत आणि ऐकू येतील अशा बोलण्यात उतरवण्याचे काम. घटना कथेतून जवळजवळ जशाच्या तशा उचलता येतात. अडते ते मनोगताशी. पटकथेत कॅमेऱ्याला दिसेल आणि माइकला ऐकू येईल तेवढेच लिहायचे असते. 'त्याला वाईट वाटले' हे वाक्य शूटिंगच्या दिवशी कुणाच्याच उपयोगी पडत नाही. नट विचारतो, "म्हणजे मी नेमके करू काय?"

पुण्यात या कामाला एक स्थानिक अडचण आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत, 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे. पण इथले बरेच लेखक तिथून नव्हे, तर एकांकिकांतून पटकथेकडे येतात. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कागदावरची पेन्सिलीची रेघ दिसत नाही, त्यामुळे ती गोष्ट बोलूनच सांगावी लागते. क्लोजअपमध्ये तीच रेघ पडदाभर होते. जुनी सवय मात्र सुटत नाही, आणि पात्रे बोलत राहतात.

उदाहरणासाठी एक कल्पित कथा घेऊ. सदाशिव पेठेतला वाडा, दोन भाऊ. कथेतला परिच्छेद असा : 'धाकट्याने वाडा बिल्डरला द्यायचे ठरवले, विचारलेसुद्धा नाही. आबांना संताप आला. पण रात्री पडल्या पडल्या त्यांना उमगले, की फ्लॅट आपल्यालाही हवाच आहे. राग आहे तो हे कबूल करावे लागेल याचा.'

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'विचारले नाही' ही तक्रार आबा भावाच्या तोंडावर करू शकतात, म्हणून ती संवादात जाते. फ्लॅटची ओढ ते कुणालाच सांगणार नाहीत. सांगितली तर ते आबाच उरणार नाहीत. ती कृतीत जायला हवी, आणि तीही ते एकटे असताना. त्यासाठी कथेत नसलेली एक वस्तू आणावी लागते : बिल्डरचे माहितीपत्रक. भांडणाच्या दृश्यात आबा "विचारायची काही पद्धत असते!" असे म्हणून ते रद्दीच्या गठ्ठ्यावर भिरकावतात. मग :

दृश्य 7. अंतर्गत. आबांची खोली. रात्र.
टेबललॅम्पखाली तेच माहितीपत्रक, चुरगळलेले, तळहाताने सपाट केलेले. आबा टेपने लाकडी कपाटाची रुंदी मोजतात. परत येऊन नकाशातल्या बेडरूमवर पेन्सिलीने छोटा चौकोन काढतात. खोडतात. दुसऱ्या भिंतीला काढतात. शेजारच्या खोलीत धाकटा खोकतो. आबा दिवा मालवतात.

दृश्य 8. बाह्य. वाड्याचे अंगण. सकाळ.
धाकटा : दादा, सहीचं काय करायचं?
आबा : देव्हारा पूर्वेला येत नाही त्यात.
धाकटा त्यांच्याकडे बघत राहतो.
धाकटा : नकाशा बघितलास?
आबा फुलांची परडी उचलून आत जातात.

कबुली कुणीच दिलेली नाही. आबा सहीला हरकत घेतात आणि त्या हरकतीतूनच फसतात. रात्रीचा खोकला आणि मालवलेला दिवा नसता, तर मापे घेणारा माणूस फक्त नीटनेटका वाटला असता. त्याची फ्लॅटची ओढ लपवाछपवीमुळे कळते. आणि कागद आधी रद्दीत पडलेला दिसला नसता, तर दृश्य 7 ला अर्थच उरला नसता. नवख्या मसुद्यांत हीच पूर्वतयारी राहून जाते : वस्तू जिथे अर्थ द्यायची तिथेच पहिल्यांदा उगवते.

याची किंमत लांबीत मोजावी लागते. कथेतल्या तीन-चार ओळींची इथे भांडण धरून तीन दृश्ये झाली. पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरला, तर कथेतला प्रत्येक विचार असा फुलवणे परवडत नाही. ज्या विचाराने पुढची घटना बदलते तोच घ्यावा.

बिघाड ओळखायची सोपी रीत म्हणजे संवाद हाताने झाकून फक्त कृती वाचणे. गोष्ट अजिबात कळली नाही, तर विचार अजून पात्रांच्या तोंडीच अडकलेले आहेत. 'तुला माहीतच आहे, वडील गेल्यावर आपण...' अशी सुरुवात करणारी वाक्ये प्रेक्षकासाठी लिहिलेली असतात, भावासाठी नव्हे. आरशासमोर स्वतःशी बोलणे हा त्याचाच चुलतभाऊ. निवेदन मात्र सरसकट वर्ज्य नाही. आबांचा आवाज 'मला त्या फ्लॅटशी काही देणेघेणे नाही' म्हणत असताना हात माप घेत असेल, तर ते चालते. आवाज आणि चित्र एकच सांगत असतील, तर एक काढावे.

काही गोष्टी या रीतीने येतच नाहीत. 'दर पावसाळ्यात त्यांना वाटे' यातला 'दर' कॅमेऱ्याला पकडता येत नाही. त्याला एकच पावसाळा दिसतो. मग छताच्या गळक्या जागेखाली ठेवलेली, तळाला गंजाचे कडे धरलेली बादली दाखवून भागवावे लागते.