‘सात तारखेपर्यंत सुटते बघा’: पुरवठादाराच्या फोनमधून जोखमीची नोंदवही

बडोद्यात ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यांत खरेदी सांभाळणाऱ्यांना दसरा-दिवाळीच्या सुमारास एक फोन हमखास येतो. माल उशिरा येणार असतो, बोलणारा मनमोकळं बोलतो, आणि दहा मिनिटांनी फोन ठेवल्यावर मनात एकच वाक्य उरतं: ‘दिवाळीच्या आसपास येईल.’ फोन ध्वनिमुद्रित केलेला असेल आणि तसं समोरच्याला आधी सांगितलेलं असेल, तर त्याच दहा मिनिटांतून जोखमीच्या नोंदवहीत लिहिण्याजोगं किती तरी नेमकं काही काढता येतं. ते कसं काढायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याला सहा ट्रान्सफॉर्मरसाठी कोअरच्या पट्ट्यांचे सहा संच हवे आहेत. या पट्ट्या सीआरजीओ नावाच्या खास सिलिकॉन पोलादाच्या असतात आणि भारतात हे पोलाद मोठ्या प्रमाणावर आयात होतं. माल १० ऑक्टोबर २०२५ ला यायचा होता. बुधवारी, २४ सप्टेंबरला कटिंगवाल्याचा, म्हणजे पोलादाच्या गुंडाळीतून (कॉइलमधून) पट्ट्या कापून देणाऱ्याचा, फोन येतो: “साहेब, कॉइल न्हावा शेवाला पडलीय. सात तारखेपर्यंत सुटते बघा. मग कटिंगला आठ-दहा दिवस. दिवाळीच्या आधी देऊन टाकतो, नाही तर दिवाळी झाली की लगेच.”

पहिलं काम म्हणजे हे शब्द जसेच्या तसे, मिनिट-सेकंदासह उतरवून घेणं. अर्थ नंतर लावायचा. ‘कस्टम्समुळे उशीर’ असं आपल्या भाषेत लिहून टाकलं की मूळ वाक्य परत तपासायला कोणी जात नाही.

उतरवताना आकड्यांवर विशेष लक्ष हवं. साधी टेलिफोन लाइन आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्झचाच पट्टा पुढे पाठवते. ‘स’च्या घर्षणातली बरीच ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे ती वाटेतच गळते. मोबाइलवरचे नवे, रुंद पट्ट्याचे कॉल बरे असतात, पण मशीनच्या आवाजात तिथेही गोंधळ होतो. अशा लाइनवर ‘सात’ आणि ‘आठ’ एकमेकांच्या फार जवळ येतात. यावर सोपा उपाय आहे: फोनवरच वार विचारायचा. “सात म्हणजे मंगळवार ना?” मंगळवार म्हटलं तर ७ ऑक्टोबर, बुधवार म्हटलं तर ८. त्या एका दिवसाने काय होतं ते पुढे दिसेलच.

दुसरं काम कारणांचं, आणि इथे घाई नडते. फोनच्या सुरुवातीला सांगितलेलं कारण बहुधा सर्वांत सोयीचं असतं. खरं कारण उत्तरार्धात, दुसऱ्याच विषयाच्या ओघात येतं. आपल्या उदाहरणात सातव्या मिनिटाला वाक्य येतं, “मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आलं की बाकी काही अडचण नाही.” नवव्या मिनिटाला, “दोन पोरं गावी गेलीत, सध्या एकच मशीन चालतंय.” म्हणजे कॉइल बंदरात पडून आहे ती कागद न आल्यामुळे, आणि ती सुटली तरी कटिंगची गती अर्ध्यावर आलेली आहे. ही दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्यासाठी पोलाद बनवणाऱ्या मिलच्या मागे लागावं लागेल, दुसऱ्यासाठी कटिंगवाल्याशी बोलावं लागेल. दोन्ही एकाच ओळीत कोंबली, तर एकावर उपाय झाला की ओळ बंद होते आणि दुसरं कारण तसंच राहतं.

घडून गेलेली अडचण आणि अजून न घडलेली जोखीम यांतही फरक ठेवायला हवा. कॉइल अडकली, हे झालेलं आहे. कटिंग दिवाळीच्या सुट्टीपलीकडे जाईल, ही जोखीम आहे. नोंदवहीत जोखमीची ओळ लिहावी ती दुसऱ्या गोष्टीची.

आता तारखा मांडून बघू. कॉइल ७ तारखेला सुटली आणि ट्रकला दोन दिवस धरले, तर १० ऑक्टोबरला, शुक्रवारी, कटिंग सुरू होतं. रविवार वगळून आठ दिवस मोजले की शेवटचा दिवस शनिवार, १८ ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशी. सोमवारी २० तारखेला दिवाळी. गुजरातेत धंदे पुन्हा उघडतात ते लाभपाचमीला. ती त्या वर्षी २६ तारखेला, रविवारी होती. म्हणजे मशीन पुन्हा फिरणार सोमवारी, २७ तारखेला.

कटिंगला आठऐवजी दहा दिवस लागले, तर उरलेले दोन दिवस २७ आणि २८ ला पडतात. दोन दिवसांचा उशीर दहा दिवसांचा होतो. आणि ऐकताना ‘आठ’चं ‘सात’ झालेलं असेल, म्हणजे कॉइल खरं तर बुधवारी सुटणार असेल, तर कटिंग शनिवारी ११ तारखेला सुरू होतं, १८ पर्यंत सातच दिवस मिळतात आणि आठवा दिवस थेट २७ ला जातो. या योजनेत एक दिवसाचीही सवड नाही, आणि ‘आठ-दहा दिवस’ हे शब्द ऐकताना ते कुठेच जाणवत नाही.

शक्यता किती, याचा अंदाज पुरवठादाराच्या आवाजातल्या खात्रीवरून बांधू नये. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की काम किती दिवसांत होईल हे सांगताना माणूस सगळं सुरळीत चाललेलं डोळ्यांसमोर आणतो आणि अशीच कामं पूर्वी किती लांबली होती ते बाजूला ठेवतो. तेव्हा जुन्या ऑर्डरी काढायच्या आणि कबूल केलेली तारीख व गेटवर माल आल्याची तारीख शेजारी ठेवायची. त्यावरून कॉइल वेळेत सुटण्याची शक्यता ७० टक्के आणि कटिंग आठ दिवसांत होण्याची ६० टक्के निघाली असं धरू. दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात, म्हणून गुणाकार: सुमारे ४२ टक्के. दोन्ही आकडे निम्म्याहून वर असूनही दिवाळीआधी माल न येणंच जास्त संभवतं. (एका कारणाचा दुसऱ्यावर परिणाम होत असेल तर हा गुणाकार जसाच्या तसा लागू होत नाही, हेही शेजारी लिहून ठेवावं.)

उपायाच्या रकान्यात ‘पाठपुरावा करणे’ असं लिहिलेलं मी पुष्कळदा वाचलं आहे. तो उपाय नव्हे. उपायाला माणूस हवा, तारीख हवी, आणि कशामुळे तो सुरू करायचा ती खूणही हवी. आपल्या ओळीत असं लिहिता येईल:

जोखीम: मिलच्या कागदामुळे कॉइल ७ ऑक्टोबरनंतर सुटली किंवा एका मशीनमुळे कटिंग आठ दिवसांपलीकडे गेलं, तर संच २८ ऑक्टोबरपर्यंत किंवा त्याहूनही लांबतील.
आधार: २४ सप्टेंबरचा कॉल, सातवं आणि नववं मिनिट.
उपाय १: सहापैकी तीन संच आधी पूर्ण कापून घेणे. खरेदी विभाग, २५ सप्टेंबरला मान्यता.
उपाय २: दुसऱ्या कटिंगवाल्याकडच्या पोलादाच्या ग्रेडला ग्राहकाची परवानगी आजच मागणे.
खूण: ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत कॉइल सुटली नाही, तर उपाय २ लागू.

पहिला उपाय दिसतो तितका सरळ नाही. कोअरचा छेद गोलाकाराच्या जवळ जावा म्हणून पट्ट्या वेगवेगळ्या रुंदीच्या असतात. कटिंगवाला साहजिकच एक रुंदी लावून सहाही संचांच्या पट्ट्या कापतो, मग पुढची रुंदी लावतो. तसं केलं तर सुट्टी लागेपर्यंत सहाही संच अर्धवट राहतात आणि एकही कोअर रचता येत नाही. संचवार कापायला सांगावं लागतं, आणि रुंदी बदलण्यात जाणारा जादा वेळ व त्याचे पैसे आधीच ठरवावे लागतात. दुसऱ्या उपायालाही वेळ लागतो. ग्रेड बदलली की ट्रान्सफॉर्मरचा बिनभाराचा वीजव्यय बदलतो आणि तो तर ग्राहकाला हमीने सांगितलेला असतो. परवानगी मागायला ९ ऑक्टोबरची वाट पाहिली, तर तो उपाय कागदावरच राहील.

शेवटी या ओळीतल्या तारखा आणि कारणं पुरवठादाराला लेखी पाठवायची, उपायांचा मजकूर नाही. “कॉइल मंगळवार, ७ ऑक्टोबर, कटिंग १० ते १८, मशीन एक. बरोबर?” लेखी वाचताना माणूस हिशेब करतो. उत्तर असं येऊ शकतं: “साहेब, एका मशीनवर आठ दिवसांत नाही व्हायचं, दहा धरा.” मग कटिंग लांबण्याची गोष्ट जोखीम राहत नाही. तो भाग झालेल्या अडचणींच्या पानावर जातो, तीन संच आधी कापण्याचा उपाय त्याच दिवशी सुरू होतो, आणि नोंदवहीत उरते ती फक्त मिलच्या कागदाची ओळ, ९ ऑक्टोबरच्या खुणेसह.