खोडलं जाणारं पद

एका वर्तुळात बसवलेला चौकोन घेऊ. क्रमाने बाजू: AB = २५, BC = ३९, CD = ६०, DA = ५२. वर्तुळाचा व्यास ६५. AC आणि BD हे कर्ण पट्टी न लावता काढायचे आहेत.

हे आकडे मी मनाने ठरवलेले नाहीत. ३-४-५ आणि ५-१२-१३ हे दोन काटकोन त्रिकोण घ्या आणि प्रत्येकाच्या काटकोन करणाऱ्या बाजूंना दुसऱ्याच्या कर्णाने गुणा. पहिल्यातून ३९ आणि ५२ मिळतात, दुसऱ्यातून २५ आणि ६०. ही युक्ती सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताची. अशा चौकोनात सगळं पूर्णांकांतच राहतं, त्यामुळे आपल्याला दशांशांशी झटापट करावी लागत नाही.

सुरुवातीला एकच गोष्ट लागते. वर्तुळातली कुठलीही जीवा म्हणजे व्यास गुणिले तिच्यासमोरच्या आंतरलिखित कोनाचा साइन. हे पटवायला जीवेच्या एका टोकातून व्यास काढा आणि व्यासाचं दुसरं टोक जीवेच्या दुसऱ्या टोकाला जोडा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून काटकोन त्रिकोण तयार होतो. त्यात व्यास हा कर्ण आणि जीवा ही कोनासमोरची बाजू. एकाच कंसातले आंतरलिखित कोन सारखे असल्यामुळे हा कोन जीवेच्या त्याच बाजूला, वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूतून पाहिला तरी बदलत नाही.

आता चार बाजूंसमोरच्या कोनांना α, β, γ, δ म्हणू. चारही कंस मिळून पूर्ण वर्तुळ होतं आणि आंतरलिखित कोन कंसाच्या निम्मा असतो, म्हणून चौघांची बेरीज १८०°. कर्ण AC हा α आणि β यांचे कंस मिळून जो कंस होतो त्याची जीवा आहे, म्हणजे त्याची लांबी व्यास × sin(α+β). तसाच BD म्हणजे व्यास × sin(β+γ). संयुक्त कोन आपण आणले नाहीत. दोन कंस शेजारी आले की ते आपोआप येतात.

आपल्या चौकोनात sin α = २५/६५ = ५/१३ आणि sin β = ३९/६५ = ३/५. दोन्ही कोन लघुकोन आहेत, म्हणून cos α = १२/१३, cos β = ४/५. बेरजेच्या सूत्रात घालू:

sin(α+β) = (५/१३)(४/५) + (१२/१३)(३/५) = ५६/६५

म्हणजे AC = ५६. तसंच sin γ = १२/१३ आणि cos γ = ५/१३ घेतलं की sin(β+γ) = १५/६५ + ४८/६५ = ६३/६५, आणि BD = ६३.

इथे एक खाच आहे. चौकोनाच्या एखाद्या बाजूचा कंस अर्धवर्तुळाहून मोठा असेल, म्हणजे वर्तुळाचं केंद्र चौकोनाबाहेर पडत असेल, तर त्या बाजूसमोरचा कोन विशालकोन असतो. कॅल्क्युलेटर मात्र साइनवरून उलट कोन काढताना लघुकोनच दाखवतो. चार कोनांची बेरीज १८०° भरली नाही, की सगळ्यात मोठ्या बाजूचा कोन १८०° मधून वजा करून बघा.

आता कर्णांचा गुणाकार करू: ५६ × ६३ = ३५२८. समोरासमोरच्या बाजूंचे गुणाकार २५ × ६० = १५०० आणि ३९ × ५२ = २०२८. बेरीज ३५२८. हाच टॉलेमीचा प्रमेय: चक्रीय चौकोनात कर्णांचा गुणाकार हा संमुख बाजूंच्या दोन गुणाकारांच्या बेरजेएवढा असतो. तो कुठल्याही चक्रीय चौकोनात का खरा, ते तीन ओळींत दिसतं. व्यास १ मानू. δ = १८०° − (α+β+γ), म्हणून sin δ = sin(α+β+γ). दोन साइनांचा गुणाकार दोन कोसाइनांच्या वजाबाकीत बदलण्याचं सूत्र वापरलं की:

२ sin α sin γ = cos(α−γ) − cos(α+γ)

२ sin β sin δ = cos(α+γ) − cos(α+२β+γ)

बेरीज = cos(α−γ) − cos(α+२β+γ) = २ sin(α+β) sin(β+γ)

cos(α+γ) एकदा वजा आला, एकदा अधिक, आणि गेला. बहुतेक पुस्तकं इथे पान उलटतात. मला मात्र या गेलेल्या पदापाशी थांबावंसं वाटतं, कारण आकृतीत त्याला अर्थ आहे. वर्तुळात दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा त्यांच्यातला कोन हा समोरासमोरच्या दोन कंसांच्या बेरजेच्या निम्मा असतो. म्हणजे α+γ हा दोन कर्णांमधलाच कोन! आपल्या चौकोनात तो ९०° आहे (५/१३ आणि १२/१३ हे एकाच त्रिकोणातल्या दोन कोटिकोनांचे साइन), म्हणून ५६ आणि ६३ लांबीचे कर्ण एकमेकांना लंब आहेत आणि क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं, १७६४. लंब नसते तर क्षेत्रफळात त्या कोनाचा साइन आला असता, पण टॉलेमीच्या समीकरणात कोन उरलाच नसता.

खुद्द टॉलेमी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात उलट्या दिशेने गेला. त्याला अर्ध्या-अर्ध्या अंशावर जीवांचं कोष्टक हवं होतं. त्याने प्रमेय आधी भूमितीने सिद्ध केला आणि चौकोनाची एक रेषा व्यास धरून दोन कंसांच्या बेरजेची आणि फरकाची जीवा काढली. म्हणून बेरजेचं सूत्र कुणी टॉलेमीच्या प्रमेयावरून शिकवलं असेल, तर वरची सिद्धता गोल गोल फिरते. ते आधी वेगळ्या वाटेने, उदाहरणार्थ एकक वर्तुळावरच्या दोन बिंदूंमधल्या अंतरावरून, मिळवलेलं असायला हवं.

चौकोन चक्रीय नसेल तर काय होतं? ५ बाजूचा समभुज चौकोन घ्या, कर्ण ६ आणि ८. कर्णांचा गुणाकार ४८, बाजूंचा हिशेब २५ + २५ = ५०. गुणाकार नेहमी असाच कमी पडतो, कधीच जास्त होत नाही. चार शिरोबिंदू एका वर्तुळावर आहेत का, हे वर्तुळ न काढता तपासायची ही सोपी रीत आहे.

आता एक चूक, जी मीही केली आहे. संमुख बाजूंऐवजी लगतच्या बाजू गुणल्या तर २५ × ३९ + ६० × ५२ = ४०९५ येतं. कर्णांशी जुळत नाही, म्हणून आपण ते खोडतो. पण ४०९५ = ६३ × ६५. त्याच वर्तुळात त्याच चार बाजू २५, ६०, ३९, ५२ अशा क्रमाने लावा: ६३ तसाच राहतो, ५६ जाऊन ६५ हा नवा कर्ण येतो, आणि तो इथे चक्क व्यास आहे. तिसरी जोडी लावली तर २५ × ५२ + ३९ × ६० = ३६४० = ५६ × ६५. बाजू कशाही फिरवल्या तरी कर्ण तीनच: sin(α+β), sin(β+γ) आणि sin(α+γ) यांच्यातून येणारे. म्हणजे ज्या कोनाचा कोसाइन मघाशी खोडला गेला, त्याचाच साइन हा तिसरा कर्ण.

आणि तीन गुणाकार हातात आले, की कोन न काढता कर्ण सुटे होतात. ६३ दोन गुणाकारांत आहे, ३५२८ आणि ४०९५ मध्ये. ते दोन गुणा आणि तिसऱ्याने, ३६४० ने, भागा. ३९६९ येतं, म्हणजे ६३ चा वर्ग. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दिलेला कर्णांचा नियम हाच.