व्हिएतनामी नावे

व्हिएतनामी माणसाचे नाव आडनावापासून सुरू होते, मग मधले नाव येते आणि स्वतःचे नाव शेवटी. फाम वान दोंग या माजी पंतप्रधानांच्या नावात फाम हे आडनाव, वान मधले नाव आणि दोंग हे त्यांचे स्वतःचे नाव. पुष्कळ देशांत आडनाव आधी येते, त्यामुळे हा क्रम लवकर अंगवळणी पडतो. चूक होते ती नाव आखूड करताना. आपण ‘पाटील साहेब’, ‘जोशी सर’ म्हणतो, म्हणजे आदर आडनावाला चिकटवतो. व्हिएतनाममध्ये आदर शेवटच्या नावाला चिकटतो. दोंग यांना ‘ओंग दोंग’, म्हणजे ‘श्री दोंग’ म्हणतात, ‘ओंग फाम’ नाही.

याचे व्यावहारिक कारण सरळ आहे. देशातल्या दर दहा माणसांपैकी तिघा-चौघांचे आडनाव न्गुयेन आहे, त्याखालोखाल त्रान आणि ले. कचेरीत ‘मिस्टर न्गुयेन’ अशी हाक मारली तर निम्म्या माना वळतील. शाळेचे हजेरीपटही शेवटच्या नावाच्या वर्णक्रमाने लावतात.

मधले नाव हे वडिलांचे नाव नव्हे, आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. पूर्वी पुरुषांना ‘वान’ आणि स्त्रियांना ‘थी’ लावण्याची सर्रास पद्धत होती. आजच्या मुलींच्या नावांतून ‘थी’ कमी होत चालले आहे. काही घराण्यांत मधले नाव सगळ्या भावांना एकच असते. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम आणि त्यांचे भाऊ न्गो दिन्ह न्हू यांच्या नावांचे पहिले दोन शब्द सारखेच आहेत, म्हणून इतिहासात ते दिएम आणि न्हू असेच ओळखले जातात. न्हू यांच्या पत्नीचे नाव त्रान ले सुआन. लग्नानंतर व्हिएतनामी स्त्रीचे आडनाव बदलत नाही, तसे त्यांचेही बदलले नाही. तरीही जगाला त्या ‘मादाम न्हू’ म्हणून माहीत झाल्या, म्हणजे नवऱ्याच्या आडनावाने नव्हे तर त्याच्या स्वतःच्या नावाने.

मोठ्या माणसाचे नुसते नाव मात्र घेत नाहीत. आधी नात्याचा शब्द हवा: थोड्या मोठ्या पुरुषाला ‘आन्ह’ (दादा), स्त्रीला ‘ची’ (ताई), लहानाला ‘एम’, आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘ओंग’, आजीच्या वयाच्या बाईंना ‘बा’. ओंग आणि बा हे औपचारिक ‘श्री’ आणि ‘श्रीमती’ म्हणूनही चालतात. शिक्षक ‘थाय’, शिक्षिका ‘को’. दादा-ताई म्हणणाऱ्या आपल्या कानाला हे परके वाटू नये. पण वडीलधाऱ्यांची नावे तिकडे इतकी जपतात की आजोबांचे नाव नातवाला ठेवणे हा परंपरेने अनादर ठरतो. आपल्याकडे तोच मान समजतात.

गणितज्ञ न्गो बाओ चाऊ यांचे उदाहरण बोलके आहे. 2010 साली हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्यांना फील्ड्स पदक मिळाले. गणिताच्या आंतरराष्ट्रीय लेखनात त्यांचा उल्लेख ‘न्गो’ असा होतो, कारण तिथे आडनावाची रीत आहे. मायदेशी ते ‘प्राध्यापक चाऊ’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मात्र समोर उभे राहून बोलताना चाऊच म्हणावे.

या नियमाला ठळक अपवाद हो ची मिन्ह यांचा. त्यांना ‘बाक हो’, म्हणजे ‘हो काका’ म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतः धारण केलेले, तरी त्यातल्या आडनावाच्या जागचाच शब्द घेतला जातो. असा मान मोजक्या थोरांनाच मिळतो.

नाव आखूड लिहायचे झाले तर आपल्या सवयीच्या उलट करावे. आपण पहिल्या दोन नावांची आद्याक्षरे करून आडनाव पूर्ण लिहितो. तिथे आडनाव आणि मधल्या नावाची आद्याक्षरे करून शेवटचे नाव पूर्ण ठेवतात. Nguyen Van Hung चे N. V. Hung होते. कंपन्यांच्या ईमेल पत्त्यांत हेच उलट्या बाजूने दिसते: hungnv, म्हणजे आधी हुंग, मग दोन आद्याक्षरे. पत्रात ‘आन्ह हुंग’ लिहावे की नुसते ‘हुंग’, असा घोळ झाला तर ‘आन्ह हुंग’ बरे. पण समोरचा पुरुष आहे याची खात्री हवी. एका विभागात दोन हुंग असतील तर मधले नाव जोडून ‘वान हुंग’ आणि ‘दुक हुंग’ असे वेगळे करतात. काही नावे मुळातच जोडीने वापरली जातात. क्रांतिकारक न्गुयेन थी मिन्ह खाय यांच्या नावाचा हनोईतला रस्ता ‘मिन्ह खाय’ आहे, नुसता ‘खाय’ नाही.

परदेशी स्थायिक झालेले लोक अनेकदा क्रम उलटवतात. न्गुयेन थान्ह वियेत हे कादंबरीकार अमेरिकेत Viet Thanh Nguyen असे लिहितात. न्गुयेन, त्रान किंवा फाम शेवटी दिसले तर क्रम उलटलेला आहे असे समजून पहिले नाव घ्यावे. ‘ले’ आणि ‘माय’ मात्र आडनावही असतात आणि स्वतःचे नावही, त्यामुळे Mai Le असे पत्राखाली दिसले तर अंदाज बांधू नये. ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ असे सरळ विचारावे.