शेंगदाण्याचे दूध चहात का फाटते?

शेंगदाण्याचे किंवा बदामाचे दूध घरी करणे अवघड नाही. अवघड आहे ते गरम चहात एकजीव ठेवणे. चहा ओतताच पांढरे कण तरंगू लागले की बहुतेकांना दूध खराब झाल्याची शंका येते. प्रत्यक्षात ताजे, निर्दोष दूधही असे फाटते आणि त्यामागे प्रथिनांचे रसायनशास्त्र असते.

या दुधात तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात पसरलेले असतात आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचा थर असतो. प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून थेंब एकमेकांना दूर लोटतात. दूध जवळजवळ उदासीन, म्हणजे न आम्ल न अल्क असते, तेव्हा हा भार भरपूर असतो. आम्लता वाढली की तिचे माप असलेला सामू घटतो; तो ५ च्या खाली उतरू लागला की हा भार जवळपास नाहीसा होतो, आणि कडक चहाचा सामू ५ च्या आसपास असतो. त्यातच उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि चहातील टॅनिन त्यांना एकमेकांशी जोडते. परिणामी प्रथिने गोळा होऊन गुठळ्या बनतात. गाईच्या दुधातही प्रथिनेच असतात. पण त्यातील केसीन हे प्रथिन उष्णता चांगली सोसते आणि दुधातील फॉस्फेटसारखे क्षार सामू सहजी घसरू देत नाहीत. घरच्या शेंगदाणा-दुधात असे क्षार फार थोडे असतात.

म्हणून चहासाठीचे दूध करतानाच काळजी घ्यावी. १०० ग्रॅम शेंगदाणे घ्यावेत. बुरशी लागलेले, सुरकुतलेले, काळसर किंवा कडवट दाणे टाकून द्यावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते उकळण्याने जात नाही. दाणे रात्रभर भिजवून, पाणी फेकून, साले चोळून काढावीत. साले काढणे केवळ रंगासाठी नसते: त्यांत टॅनिन असते, म्हणजे चहात भेटणारा शत्रू आपण आधीच दुधात मिसळत असतो. आधी २०० मिलिलिटर पाण्यात दाणे अगदी बारीक वाटावेत, मग आणखी ६०० मिलिलिटर पाणी घालून पुन्हा फिरवावे आणि घट्ट विणीच्या कापडातून पिळून गाळावे. हे दूध सतत ढवळत दहा मिनिटे मंद उकळले की कच्चा वास बराच कमी होतो; ढवळणे थांबले तर ते तळाला लागते. बदामाचे दूधही असेच करता येते, मात्र त्यातील प्रथिने तापल्यावर लवकर गोठतात, म्हणून ते उकळू नये, चहासाठी फक्त कोमट करावे.

चहात ते टिकवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे खाण्याचा सोडा, तोही अगदी थोडा: एक लिटर दुधाला अर्धा ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याचा सुमारे आठवा भाग. त्याने सामू वर जातो आणि प्रथिनांवरील भार टिकतो. जास्त झाल्यास चहा काळपट दिसतो आणि साबणासारखी चव येते. याखेरीज चहा तीन मिनिटांपेक्षा जास्त मुरवू नये, दूध थंड घालू नये, आणि गरम केलेल्या दुधात चहा हळूहळू ओतत ढवळावे. चहात दूध ओतल्यास पहिल्या थेंबांना सगळी आम्लता एकदम झेलावी लागते.

फाटणे आणि नुसते वेगळे होणे यांत फरक करावा. उभ्या ठेवलेल्या दुधात वर साय आणि खाली गाळ दिसतो, तो हलवल्यावर मिसळतो. फाटलेले दूध ढवळूनही चमच्याच्या पाठीवर बारीक कण सोडते. शीतपेटीत ठेवलेले दूध दोन-तीन दिवसांत आंबू लागते, आणि आंबलेल्या दुधाला सोडाही वाचवू शकत नाही.

पोषणाचे काय, हा प्रश्न उरतो. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. ती सगळी ८०० मिलिलिटर पाण्यात उतरली असे मानले तरी १०० मिलिलिटरला सुमारे ३ ग्रॅम येतात, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. पण बराच भाग चोथ्यात राहतो आणि या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. बदामात प्रथिने सुमारे २१ ग्रॅम असतात. खरी तफावत कॅल्शियमची आहे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर याच हिशेबाने बदामाच्या दुधात जास्तीत जास्त ३५ आणि शेंगदाण्याच्या दुधात १२ मिलिग्रॅमच्या आसपास येते. जीवनसत्त्व बी-१२ दोन्हींत नसते. चहापुरत्या वापरात ही उणीव फारशी जाणवत नाही. मात्र ज्याने दूध पूर्णपणे सोडले आहे त्याला कॅल्शियम आणि बी-१२ दुसरीकडून घ्यावेच लागतात. एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नये, आणि शेंगदाण्याची किंवा बदामाची ॲलर्जी असलेल्याने त्या दाण्याच्या दुधापासून दूर राहावे.