मॅजिस्ट्रेट कोर्टाने दोषी ठरवल्यावर अपील कसे करायचे, आणि दोषसिद्धी कशामुळे टिकत नाही

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा सुनावली की अपील सत्र न्यायालयात जाते. ते तिथेही फेटाळले गेले तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. बहुतेक फौजदारी प्रकरणांची वाट हीच, म्हणून इथे तेवढीच पाहू. (सत्र न्यायालयानेच खटला चालवून शिक्षा दिली असेल तर अपील थेट उच्च न्यायालयात करायचे असते.) कलमे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली आहेत.

एक प्रकरण धरून चालू. समजा, लोखंडी रॉडने मारहाण केल्याबद्दल एकाला दोन वर्षे कैद आणि दहा हजार रुपये दंड झाला. निकाल 3 मार्चचा. आरोपी खटलाभर जामिनावर होता.

पहिल्या दिवशी काय करायचे

निकालाच्या दिवशीच त्याच कोर्टात शिक्षेला स्थगिती मागायची. आरोपी जामिनावर असेल, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि तो अपील करणार आहे अशी कोर्टाची खात्री पटली, तर कलम 430 नुसार अपील दाखल करण्यापुरता वेळ देऊन ते कोर्टच त्याला जामिनावर सोडू शकते. त्यासाठी जामीनदार कागदपत्रांसह हजर लागतो. तो नसला की माणूस त्या संध्याकाळी तुरुंगात जातो. निकालाच्या तारखेला जामीनदाराला सोबत घेऊन या, असे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. निकाल बाजूने लागला तर त्याची एक फेरी फुकट जाईल, एवढेच.

ही स्थगिती शिक्षेच्या अंमलबजावणीला असते. दोषी असल्याचा ठपका तसाच राहतो. नोकरी किंवा निवडणुकीसाठी तोही थांबवायचा असेल तर वेगळी मागणी करावी लागते आणि ती क्वचितच मंजूर होते.

मुदत आणि कागदपत्रे

सत्र न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात. निकालाचा दिवस धरत नाहीत, म्हणजे आपल्या प्रकरणात शेवटचा दिवस 2 एप्रिल. प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण त्या भरवशावर राहू नये. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो आणि त्यात दिवसांचा हिशेब द्यावा लागतो. नुसते ‘आजारी होतो’ लिहून भागत नाही.

अपिलाचा मेमो म्हणजे अपिलाची कारणे मांडणारा अर्ज. त्यासोबत निकालाची नक्कल आणि वकीलपत्र लागते. शिक्षास्थगितीचा व जामिनाचा अर्जही त्याच वेळी द्यायचा. निकालाची प्रत दोषी ठरलेल्या व्यक्तीला लगेच आणि मोफत मिळते, तो तिचा हक्क आहे. खरी धावपळ पुढच्या कागदांची असते: फिर्याद, साक्षीदारांच्या सरतपासण्या व उलटतपासण्या, पंचनामे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आरोपीचा जबाब. खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड अपील कोर्ट मागवतेच, पण मेमो लिहिताना ही कागदपत्रे वकिलाच्या हातात नसतील तर मेमो ढोबळ होतो.

माणूस तुरुंगात असेल तर अपिलाचा अर्ज तुरुंग अधिकाऱ्याकडे देता येतो आणि तो त्यांनी कोर्टाकडे पाठवायचा असतो. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल तर फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावरच अपील चालते. आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी केवळ शंभर रुपयांपर्यंतचा दंड केला असेल तर अपील नाही.

दोषसिद्धी कुठे मोडते

‘निकाल चुकीचा व अन्यायकारक आहे’ हे वाक्य प्रत्येक मेमोत असते आणि त्याने काहीच होत नाही. अपील कोर्ट सगळा पुरावा नव्याने वाचू शकते, म्हणून मुद्दा पुराव्याच्या पानावर बोट ठेवून मांडावा लागतो.

आपल्या प्रकरणात पंच फितूर झाले आहेत. पक्षकाराला हा हुकमाचा पत्ता वाटतो, पण तेवढ्यावर सुटका होत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर रॉडची जप्ती सिद्ध होऊ शकते. डॉक्टरांनी ‘पडूनही अशी जखम होऊ शकते’ म्हटले, तेही एकटे पुरत नाही. जखमी माणूस स्वतः साक्ष देतो तेव्हा त्याच्या शब्दाला कोर्ट मोठे वजन देते, कारण तो तिथे हजर होता यात शंका नसते.

मग खरा मुद्दा कुठे आहे? जखमी साक्षीदार उलटतपासात म्हणतो, ‘आरोपीला मी दहा वर्षांपासून ओळखतो.’ पण दवाखान्याच्या केसपेपरवर, त्याने स्वतः सांगितलेली हकीकत म्हणून, ‘अनोळखी इसमाने मारहाण केली’ असे लिहिले आहे. फिर्यादीतही नाव नाही, ते नवव्या दिवशीच्या पुरवणी जबाबात पहिल्यांदा येते. ओळखीच्या माणसाचे नाव नऊ दिवस का सांगितले नाही, याचे उत्तर साक्षीत नाही आणि निकालपत्रात या प्रश्नाचा उल्लेखही नाही. मेमोत हे असे यावे: साक्षीदार क्रमांक 1, उलटतपासणी परिच्छेद 7, केसपेपर निशाणी 22, आणि निकालाच्या कोणत्या परिच्छेदात याची दखल यायला हवी होती. किरकोळ विसंगती कोर्ट सोडून देते. ही विसंगती मारणारा कोण, या मूळ प्रश्नावरची आहे, म्हणून तिच्यावर संशयाचा फायदा मिळू शकतो.

दुसरा मुद्दा सहसा कोणी तपासत नाही, तो आरोपीच्या जबाबाचा. कलम 351 प्रमाणे कोर्टाने विरोधातला प्रत्येक पुरावा आरोपीपुढे ठेवून स्पष्टीकरण विचारायचे असते. इथे रॉडवर रक्त असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल निकालात आधार म्हणून घेतला आहे, पण जबाबाच्या प्रश्नांत तो कुठेच नाही. असा मुद्दा आरोपीविरुद्ध वापरू नये असे म्हणता येते, मात्र त्यामुळे बचावाचे काय नुकसान झाले हेही दाखवावे लागते. प्रक्रियेतल्या प्रत्येक चुकीने निकाल उलटत नाही. त्या चुकीतून न्यायहानी झाली का, हे कलम 511 पाहायला सांगते.

खटला फक्त परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा असेल तर कसोटी वेगळी. शरद बिर्दीचंद सारडा प्रकरणात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साखळीची प्रत्येक कडी सिद्ध व्हावी आणि आरोपी निर्दोष असल्याची कोणतीही वाजवी शक्यता उरू नये.

अपील कोर्ट निर्दोष सोडू शकते, खटला पुन्हा चालवण्याचा आदेश देऊ शकते, कलम बदलू शकते किंवा शिक्षा कमी करू शकते. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, त्यामुळे ‘अपील केले आणि शिक्षा वाढली तर?’ या धास्तीने मुदत घालवू नका. तारखेला वकील गैरहजर राहिला म्हणून पुरावा न तपासता अपील नुसते काढून टाकता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बनी सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अपील फेटाळले तर पुनरीक्षण

यासाठी 90 दिवस मिळतात. सोबत दोन्ही कोर्टांच्या निकालांच्या नकला लागतात. इथे पुरावा पुन्हा तोलून मागू नका, कारण उच्च न्यायालय सहसा तसे करत नाही. ते पाहते की कायदा चुकीचा लावला का, महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही का, किंवा कोणत्याही समंजस माणसाला काढता येणार नाही असा निष्कर्ष काढला का. केसपेपरचा मुद्दा सत्र न्यायालयानेही विचारात घेतला नसेल तर तो इथे नव्या ताकदीने उभा राहतो. त्यांनी विचारात घेऊन, कारणे देऊन नाकारला असेल तर वाट अवघड होते.

जिथे अपील करता येत होते तिथे ते न करता थेट पुनरीक्षण अर्ज करणाऱ्याचा अर्ज चालत नाही. अपील नाही अशा चुकीच्या समजुतीतून तसे झाले असेल, तर तो अर्ज अपील म्हणून चालवण्याचा अधिकार मात्र कलम 442 ने उच्च न्यायालयाला दिला आहे.