मी झोपेत बडबडलो म्हणे

'तो फुटबॉल खेळला' एवढंच, यापेक्षा कमी नाही आणि जास्त नाही, असं तुयुका भाषेत बोलता येत नाही. कोलंबिया आणि ब्राझील यांच्या सीमेवर, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या व्हाउपेस नदीच्या परिसरात ही भाषा बोलली जाते. तिच्यात क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय लावायचा तर बोलणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावीच लागते: हे मला कळलं कसं?

मी त्याला मैदानावर खेळताना पाहिलं असेल तर 'दीगा अपेवी'. 'दीगा' म्हणजे फुटबॉल, 'अपे' म्हणजे खेळणं, आणि 'वी' हा डोळ्यांनी पाहिल्याचा प्रत्यय. मी घरात होतो, मैदान दिसत नव्हतं, पण चेंडूचा आणि त्याचा आवाज ऐकू येत होता, तर 'अपेती'. हा 'ती' फक्त कानांपुरता नाही. वास, चव, स्पर्श, आपलं दुखणंखुपणं, डोळे सोडून बाकी ज्या ज्या वाटेने थेट जाणीव होते ती सगळी त्यात येते. खेळ संपल्यावर मी मैदानावर गेलो आणि मातीत त्याच्या बुटांचे ओळखीचे ठसे दिसले, तर 'अपेयी'. कुणीतरी मला सांगितलं, तर त्याला आणखी वेगळा प्रत्यय. आणि यातलं काहीच झालं नाही, पण तो एरवी या वेळी खेळायला जातो हे मला माहीत आहे, म्हणून आजही खेळला असणार असा कयास असेल, तर पाचवा. जॅनेट बार्न्स यांनी 1984 साली ही मांडणी प्रसिद्ध केली आणि या विषयावरच्या लिखाणात तो फुटबॉलचा खेळ तेव्हापासून अजून चालू आहे.

या पाच वाटांमध्ये डोळ्यांचा मान पहिला. पाहिलंही आणि ऐकलंही असेल तर पाहिल्याचाच प्रत्यय लावायचा. आणि मला फार आवडणारी एक बारीक गोष्ट म्हणजे, 'कुणीतरी सांगितलं' या प्रत्ययाला तुयुकात वर्तमानकाळच नाही. तसं ते रास्तच आहे. दुसऱ्याच्या तोंडून माझ्यापर्यंत बातमी येईपर्यंत घडलेलं मागे पडलेलं असतं.

भाषाशास्त्रात याला एव्हिडेन्शियालिटी म्हणतात. आपण इथे 'पुरावादर्शक रूपं' म्हणू. मराठीतही आपण 'तो आला म्हणे' किंवा 'तो आला असावा' असं बोलतोच. पण 'म्हणे' गाळलं तर वाक्य बिघडत नाही. तुयुकात प्रत्यय गाळला तर क्रियापदच अपुरं राहतं. 'सोय आहे' आणि 'सक्ती आहे' यांच्यातला हा फरक.

इथे एक गैरसमज पटकन होतो. ऐकीव माहितीचा प्रत्यय म्हणजे शंकेचा प्रत्यय, असं वाटतं. तसं नाही. पेरूमधल्या कुस्को भागातल्या केचुआ भाषेत हे स्वच्छ दिसतं. तिथे 'मि' हा प्रत्यय 'माझ्याकडे थेट माहिती आहे' असं सांगतो, 'सि' ऐकीव माहिती दाखवतो आणि 'चा' हा अंदाज. मार्टिना फॉलर यांनी 2002 मध्ये या तिन्हींचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यात एका माणसाचं वाक्य आहे: त्यांनी मला पुष्कळ पैसे ठेवले ('सि' लावून), पण एक सोलसुद्धा ठेवलेला नाही. सोल हे पेरूचं चलन. वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा आहे हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, तरी वाक्य बरोबर. 'सि' लावला की मी फक्त लोक काय बोलतात ते पुढे ठेवतो. ते खरं की खोटं याची जबाबदारी घेत नाही. त्याच जागी 'मि' लावला तर मात्र तो स्वतःचंच बोलणं खोडून काढतोय असं होईल. उलट बाजूने, ऐकीव बातमीवर गाढ विश्वास असला तरी 'सि' वापरायला काही आडकाठी नाही. माहिती कुठून आली हा एक प्रश्न आणि ती किती खरी हा दुसरा, आणि या भाषा पहिला प्रश्न विचारतात.

आता तुर्कीकडे येऊ. तिथे पाच वाटा नाहीत, दोनच आहेत. 'केमाल गेल्दी' म्हणजे केमाल आला आणि ते मी जाणतो. 'केमाल गेल्मिश' म्हणजे केमाल आला, पण ते येणं माझ्यासमोर घडलं नाही. मी घरात शिरलो आणि त्याचा कोट खुंटीवर दिसला, तर 'गेल्मिश'. कुणी सांगितलं, तरी 'गेल्मिश'. अकराव्या शतकात महमूद अल-काशगरी याने तुर्की बोलींचा कोश अरबीत लिहिला, त्यातही या दोन रूपांमधला 'समोर घडलेलं' आणि 'माघारी घडलेलं' असा फरक त्याने नोंदवला आहे. पण तिसरा प्रसंग बघा. दारावर टकटक होते, मी दार उघडतो, समोर केमाल उभा, आणि तो येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. माझे दोन्ही डोळे त्याच्यावर आहेत, तरी तोंडातून निघतं 'केमाल गेल्मिश!' आयहान आक्सू-कोच आणि डॅन स्लोबिन यांनी याचा उलगडा असा केला की हे रूप डोळ्यांचा हिशेब ठेवत नाही, मनाच्या तयारीचा ठेवतं. घटना मनाला कळून-सवरून समोर घडली असेल तर 'दी'. तयार नसलेल्या मनाला ती मागाहून समजून घ्यावी लागली तर 'मिश'.

आणि हेच रूप स्वतःबद्दल बोलताना काय करतं पाहा. 'उयुमुशुम' म्हणजे 'मला झोप लागली होती वाटतं'. झोपलो मीच, पण झोप लागण्याच्या क्षणाचा साक्षीदार मी नव्हतो. करणारा एक आणि जाणणारा वेगळा, आणि दोघेही मीच.

हा पेच आपल्या उपखंडातल्या व्याकरणकारांनी फार आधी हातात घेतला होता, आणि तो त्यांनी ज्या नेटाने सोडवला ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो. पाणिनीचं सूत्र आहे 'परोक्षे लिट्'. आजच्या आधी घडलेली आणि बोलणाऱ्याने न पाहिलेली घटना सांगायची तर क्रियापदाचं लिट् रूप वापरावं. मग लगेच अडचण उभी राहते. उत्तम पुरुषाचं, म्हणजे 'मी'चं, लिट् रूप कसं काय संभवतं? स्वतः केलेली गोष्ट स्वतःला परोक्ष कशी असेल? उत्तर म्हणून उदाहरण येतं: 'सुप्तोऽहं किल विललाप'. मी झोपेत म्हणे बडबडलो. दुसरं उदाहरण नशेत असलेल्या माणसाचं आहे. पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यातली ही झोपेतली बडबड आणि तुर्कीतलं 'उयुमुशुम' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन भाषा एकाच जागी येऊन पोहोचल्या.

याच सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्या कात्यायनाने आणखी एक जागा दाखवली: साफ नाकारताना. 'तू कलिंगात राहिलास का?' असं विचारल्यावर 'नाहं कलिङ्गान् जगाम', मी कलिंगात गेलोच नाही. इथे 'जगाम' हे लिट् रूप आहे. नुसतं 'गेलो नाही' असं न म्हणता, तिथे जाणं ही माझ्या जाणिवेच्या पूर्ण बाहेरची गोष्ट आहे असं सांगून माणूस आरोप झटकतो.

पण 'परोक्ष' म्हणजे नक्की किती दूर? पतंजली मतं मांडतो: कोणी म्हणतात शंभर वर्षांपूर्वी घडलेलं, कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वीचं, कोणी म्हणतात भिंतीच्या किंवा चटईच्या आडचं, कोणी म्हणतात दोन-तीन दिवसांपूर्वीचं. मग तो शाकटायनाची गोष्ट सांगतो. हा वैयाकरण रथांच्या रस्त्यावर बसला होता, जागा होता, आणि समोरून गाड्यांचा तांडा गेला तरी त्याला पत्ता लागला नाही. कारण इंद्रियांना मनाची जोड असेल तरच जाणीव होते. उघडे डोळे पुरत नाहीत. पतंजली आश्चर्याबद्दल बोलत नाही आणि आक्सू-कोच व स्लोबिन तंद्रीबद्दल बोलत नाहीत, पण 'पाहिलं' या शब्दाची कसोटी दोघांनीही डोळ्यांवरून काढून मनाकडे नेली.

याच चर्चेशेजारी एक अपवाद आहे आणि त्याने इतिहासकारांना मोठी मदत केली. घटना बोलणाऱ्याने पाहिलेली नाही, पण ती सगळ्या लोकांना ठाऊक आहे आणि त्याने मनात आणलं असतं तर त्याला पाहता आली असती. तिथे लिट् न वापरता लङ् हे भूतकाळाचं दुसरं रूप वापरायचं. उदाहरण: 'अरुणद् यवनः साकेतम्'. यवनाने, म्हणजे ग्रीकाने, साकेताला, म्हणजे अयोध्येला, वेढा घातला. आता दोन उलट उदाहरणं शेजारी ठेवू. 'चकार कटं देवदत्तः', देवदत्ताने चटई केली. ही गोष्ट लोकप्रसिद्ध नाही, म्हणून लिट्. 'जघान कंसं किल वासुदेवः', वासुदेवाने कंसाला मारलं म्हणे. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण बोलणाऱ्याच्या आयुष्यात ती पाहता येण्याजोगी नव्हती, म्हणून पुन्हा लिट्. म्हणजे 'अरुणत्' या एका रूपातून कळतं की यवनांचा तो वेढा हे उदाहरण रचणाऱ्याच्या हयातीत पडला होता. पतंजलीचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याला ठेवतात त्यामागे या वाक्याचा मोठा आधार आहे. अर्थात नंतरच्या संस्कृत लेखकांनी हा नियम कसोशीने पाळला असं नाही. कथा सांगताना ते लङ् आणि लिट् एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, त्यामुळे कुठल्याही काव्यातलं लिट् उचलून असा काळ काढता येत नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो हे सगळं ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात येतो: जन्मभर अशी भाषा बोलणाऱ्यांना, कुठली गोष्ट पाहिली आणि कुठली ऐकली हे जास्त चांगलं आठवतं का? 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरियन आणि इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांची तुलना केली गेली. कोरियनमध्ये पुरावादर्शक रूपं आहेत, तरी माहितीचा उगम ओळखण्यात कोरियन मुलं पुढे नव्हती. 2013 मध्ये तुर्की आणि इंग्रजी वाक्यांवर झालेल्या प्रयोगात तर उलटच दिसलं: 'मिश' लावून सांगितलेल्या, म्हणजे स्वतः न पाहिलेल्या गोष्टी तुर्की भाषकांच्या कमी लक्षात राहिल्या. 2016 च्या आणखी एका प्रयोगात दोन्ही भाषकांमध्ये फरक आढळला नाही. मला यातून एवढंच दिसतं की प्रत्यय बोलण्याच्या क्षणी निवडला जातो आणि त्याचं काम तिथेच होतं. 'मिश'वाल्या गोष्टी मागे पडल्या, त्याचं कारण कदाचित असं असेल की ऐकणारा त्या प्रत्ययावरूनच ठरवतो, ही गोष्ट किती जपून ठेवायची ते.